खासगी शाळेतून मुलाचं नाव काढताना: अर्ज, दाखला आणि फी यांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुख्यतः महाराष्ट्रातल्या खासगी विनाअनुदानित शाळांतून पहिली ते दहावीच्या मुलांचं नाव काढणाऱ्या पालकांचे आहेत. शाळेच्या ऑफिसात खिडकीच्या आतल्या बाजूला बसून मी यातले बहुतेक प्रश्न ऐकलेत. उत्तरांतही तीच बाजू अधूनमधून दिसेल.

तोंडी सांगितलं तर चालत नाही का? वर्गशिक्षिकेला मेसेज केलेला आहे.

नाही. वर्गशिक्षिकेला कळलं म्हणजे शाळेला कळलं असं होत नाही. ऑफिसच्या दृष्टीने मुलगा हजेरीपटावर असतो, तो येत नाही म्हणून त्याच्या नावापुढे गैरहजेरी लागत राहते आणि फीची मागणीही चालूच राहते. तीन महिन्यांनी दाखला मागायला गेलात की तीन महिन्यांची थकबाकी समोर येते, आणि 'आम्ही तर सोडली होती शाळा' याला कागदाचा आधार नसतो.

म्हणून अर्ज. या अर्जाची कामं दोन: मूल कोणत्या तारखेपासून शाळेत नाही हे नक्की करणं आणि शाळा सोडल्याचा दाखला मागणं. पालकांचं सगळं लक्ष दुसऱ्या कामाकडे असतं. पैशांचा वाद मात्र जवळजवळ नेहमी पहिल्यावरून होतो.

अर्ज कधी द्यावा? आधी नवी शाळा की आधी दाखला?

आधी नवी शाळा. तिथे जागा आहे, प्रवेश मिळणार आहे, हे लेखी हातात येऊ द्या. प्रवेश निश्चितीचं पत्र किंवा फी भरल्याची पावती पुरते. नुसत्या 'या, बघू' वर जुन्या शाळेतून नाव काढू नका. एकदा दाखला निघाला की जुन्या शाळेला तुम्हाला परत घेण्याचं बंधन राहत नाही. वर्गाची जागाही दुसऱ्याला गेलेली असते.

नवी शाळा पक्की झाली की मात्र एक दिवसही थांबू नका. अर्ज दाखल झालेली तारीख पुढच्या सगळ्या हिशोबाचा पाया असते. खासगी शाळांच्या प्रवेश अर्जाच्या मागच्या बाजूला किंवा वर्षाच्या सुरुवातीला मिळालेल्या पुस्तिकेत 'शाळा सोडण्यापूर्वी एक महिन्याची लेखी सूचना' अशी ओळ बरेचदा असते. कुठे ती एका सत्राची असते. ती शोधून वाचा आणि मगच अर्जातली तारीख ठरवा.

अर्जात काय लिहायचं? नमुना मिळेल का?

हा घ्या. एका पानात बसतो, आणि बसलाच पाहिजे.

दिनांक: 10 सप्टेंबर 20__

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,
(शाळेचं नाव व पत्ता)

विषय: इयत्ता चौथी 'ब' मधील (मुलीचं पूर्ण नाव) हिचं नाव शाळेतून कमी करून शाळा सोडल्याचा दाखला मिळणेबाबत.

महोदया,

माझी मुलगी कु. (पूर्ण नाव), इयत्ता चौथी, तुकडी 'ब', जनरल रजिस्टर क्र. ____, जन्मतारीख ____, ही आपल्या शाळेत शिकत आहे. आमचं कुटुंब सांगली येथे स्थलांतरित होत असल्यामुळे तिला तेथील शाळेत प्रवेश घ्यायचा आहे. दि. 30 सप्टेंबर 20__ हा तिचा आपल्या शाळेतील शेवटचा दिवस असेल. त्या तारखेपासून तिचं नाव पटावरून कमी करावं, ही विनंती.

सप्टेंबरअखेरची फी भरलेली असून पावतीची प्रत जोडली आहे. प्रवेशाच्या वेळी भरलेली अनामत रक्कम रु. 10,000 परत मिळावी. काही येणं निघत असल्यास त्याचा तपशील नियमाच्या उल्लेखासह लेखी द्यावा.

शाळा सोडल्याचा दाखला, प्रगतिपुस्तक आणि यूडायस प्लस प्रणालीतील तिचा पेन क्रमांक द्यावा. दाखला तयार करण्यापूर्वी जनरल रजिस्टरमधील तिची नोंद मला पाहू द्यावी. तसेच नव्या शाळेला नाव घेता यावं यासाठी आपल्याकडील ऑनलाइन नोंद मोकळी करावी.

कळावे,
आपला विश्वासू,
(सही, पूर्ण नाव, मुलीशी नातं, पत्ता, मोबाइल)

सोबत: शेवटच्या फी पावतीची प्रत, अनामत पावतीची प्रत, पालकाच्या ओळखपत्राची प्रत.

पेन क्रमांक म्हणजे यूडायस प्लस या केंद्र सरकारच्या ऑनलाइन नोंदीत प्रत्येक विद्यार्थ्याला मिळालेला कायमचा क्रमांक. जनरल रजिस्टर क्रमांक जुन्या प्रगतिपुस्तकावर किंवा ओळखपत्रावर सापडतो. नाही सापडला तर ती जागा कोरी ठेवा, ऑफिस भरून घेईल.

शाळेबद्दलच्या तक्रारी याच अर्जात लिहाव्यात का?

लिहू नयेत. राग खरा असेल, कारणही रास्त असेल, पण या अर्जावर तो उतरवला की मुख्याध्यापिका तो संस्थेच्या कार्यालयाकडे 'मार्गदर्शनासाठी' पाठवतात आणि दाखला तिथे अडकतो. शिक्षकाने मारलं, फी बेकायदा वाढवली, असं काही असेल तर त्याची तक्रार वेगळ्या कागदावर, वेगळ्या तारखेला करा.

आणखी एक कारण आहे. दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा रकाना असतो, आणि तो ऑफिस तुमच्या अर्जावरूनच भरतं. 'स्थलांतर', 'पालकांची बदली' किंवा साधं 'पालकांच्या विनंतीवरून' एवढं पुरतं. तो कागद मुलाबरोबर वीस वर्षं फिरणार असतो.

शाळा पोच देत नाही. 'ठेवा इथे, मॅडम आल्या की देते' म्हणतात.

अर्ज दोन प्रतींत न्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख आणि जमल्यास आवक क्रमांक घ्या. आवक-जावक रजिस्टर प्रत्येक शाळेत असतं, त्यामुळे 'आमच्याकडे पोच द्यायची पद्धत नाही' हे उत्तर टिकत नाही.

तरीही नाही म्हणाले तर वाद घालत बसू नका. त्याच दिवशी शाळेच्या अधिकृत ईमेलवर अर्जाचं स्कॅन पाठवा आणि मूळ प्रत स्पीड पोस्टाने मुख्याध्यापकांच्या पदनावाने धाडा. पोस्टाची पावती आणि वेबसाइटवरची पोहोचल्याची नोंद जपून ठेवा. 'घेण्यास नकार' असा शेरा लागून पाकीट परत आलं तर ते न फोडता तसंच ठेवा. शिक्षणाधिकाऱ्यांसमोर त्या बंद पाकिटाला पोचपावतीइतकंच वजन येतं.

फी बाकी आहे म्हणून दाखला अडवता येतो का?

शिक्षण हक्क कायदा, 2009 चं कलम 5 यावर स्पष्ट आहे. 6 ते 14 वयाच्या बालकाला कोणत्याही कारणासाठी दुसऱ्या शाळेत जायचं असेल तर आधीच्या शाळेच्या मुख्याध्यापकाने दाखला तात्काळ द्यायचा आहे. दाखला द्यायला उशीर केला तर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. आणि पालकांच्या सगळ्यात कामाची ओळ ही: दाखला यायला उशीर झाला या कारणाने नवी शाळा प्रवेश लांबवू किंवा नाकारू शकत नाही.

इथे एक बारकावा आहे, तो ऑफिसातले लोक सांगत नाहीत आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे कायदेपंडितही सांगत नाहीत. कलम 5 मधला बदलीचा हक्क सरकारी, जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांमध्ये जाण्यासाठी आहे. खासगी विनाअनुदानित शाळा त्यातून वगळलेल्या आहेत. म्हणजे मूल महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत जाणार असेल तर तुमची बाजू भक्कम. 2021 साली राज्याच्या शालेय शिक्षण विभागानेही, दाखला नसला तरी अशा शाळांनी मुलांना प्रवेश द्यावा, अशी सूचना काढली होती. पण एका खासगी विनाअनुदानित शाळेतून दुसऱ्या तशाच शाळेत जाणार असाल तर 'दाखला नाही तरी घ्या' असा कायद्याचा आग्रह नव्या शाळेकडे धरता येत नाही. ती शाळा हमीपत्र घेऊन तात्पुरता प्रवेश देते किंवा देत नाही.

म्हणून थकबाकीचा वाद असेल तर मी सांगेन ते असं: जी रक्कम तुम्हालाही मान्य आहे ती चेकने किंवा ऑनलाइन भरून टाका, वादाच्या रकमेचा तपशील लेखी मागा आणि दाखल्याची मागणी स्वतंत्र ठेवा. थकलेली फी वसूल करायला शाळेला नोटीस आणि दिवाणी दावा हे मार्ग मोकळे आहेत. मुलाचा दाखला हे त्यासाठीचं तारण नव्हे.

सूचनेचा महिना आणि अनामत यांचा हिशोब कसा होतो? उदाहरण द्या.

वरच्याच अर्जातलं उदाहरण घेऊ. शाळा एप्रिलला सुरू होते, फी तिमाही 21,000 रुपये, म्हणजे महिन्याला 7,000. सप्टेंबरअखेरची फी भरलेली आहे. अनामत 10,000. पुस्तिकेत 'एक महिन्याची लेखी सूचना द्यावी, अन्यथा एक महिन्याची फी आकारली जाईल' असं छापलंय.

अर्ज 10 सप्टेंबरला दिला आणि शेवटचा दिवस 30 सप्टेंबर लिहिला. सूचनेचा महिना 10 ऑक्टोबरला संपतो, म्हणजे सूचना दहा दिवसांनी कमी पडली. नियम जसा छापलाय तसा लावला तर ऑक्टोबरचे 7,000 लागतील. ते अनामतीतून वजा जाता पालकांना 3,000 परत यायला हवेत.

ऑफिस मात्र बरेचदा वेगळा कागद पुढे करतं: 'आमची फी तिमाही आहे, ऑक्टोबर ते डिसेंबरचे 21,000 लागतात, अनामत वजा करून 11,000 भरा.' पालकांना 3,000 येणं आणि पालकांकडून 11,000 घेणं, यात फरक 14,000 रुपयांचा. तिमाही हा फी भरण्याचा हप्ता आहे आणि सूचनेचा कालावधी एक महिना, या दोन गोष्टी इथे एकात एक मिसळल्या आहेत. अशा वेळी एकच प्रश्न लेखी विचारा: पुस्तिकेतल्या कोणत्या नियमाने पूर्ण तिमाही लागते? नियम असेल तर ते दाखवतील, मग तुमची बाजू कमजोर आहे हे समजून बोला. नसेल तर आकडा दुसऱ्याच फेरीत खाली येतो, असा माझा अनुभव आहे.

हाच अर्ज 31 ऑगस्टच्या आत दिला असता तर एक रुपयाचाही प्रश्न आला नसता.

बसचा हिशोब यात धरू नका. बस बहुतेक ठिकाणी वेगळ्या ठेकेदाराची असते. त्याला स्वतंत्र कळवावं लागतं, नाहीतर तो पुढच्या महिन्याचे पैसे मागायला घरी येतो.

रजिस्टरमधली नोंद आधी पाहायची म्हणजे नेमकं काय पाहायचं?

या सगळ्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हे, आणि ते करणारे पालक मला फार थोडे भेटले.

दाखला म्हणजे जनरल रजिस्टरमधल्या एका आडव्या ओळीची नक्कल. जाड पुठ्ठ्याचं, दोन्ही हातांनी उघडावं लागणारं ते रजिस्टर. मुलाचं नाव, आईचं नाव, धर्म, जात, मातृभाषा, जन्मस्थळ, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख. लेखनिक एक बोट ओळीवर ठेवून दुसऱ्या हाताने दाखला भरत जातो, किंवा हल्ली संगणकात टंकत जातो. ओळीत चूक असेल तर दाखल्यात ती तशीच उतरते. त्यात लेखनिकाचा दोष नसतो. रजिस्टरमध्ये आहे तेच लिहिण्याचं बंधन त्याच्यावर असतं.

बसून पाहा: जन्मतारीख जन्म दाखल्याशी अंकात आणि अक्षरात जुळते का. '03/08' चं अक्षरी 'तीन ऑगस्ट' की 'आठ मार्च' झालंय? मुलाचं, वडिलांचं आणि आईचं नाव आधार आणि जन्म दाखल्याप्रमाणे आहे का. जातीच्या रकान्यात जात आणि पोटजात तुमच्या घरच्या जुन्या कागदांप्रमाणे लिहिली आहे, की नुसतं 'हिंदू' लिहून रकाना उरकलाय? पुढे बारावीनंतर जात पडताळणी समितीकडे जाल तेव्हा शाळेतली ही नोंद मागितली जाते. तिथे अर्धवट नोंद निघाली की आजोबांच्या शाळेपर्यंत पायपीट होते.

मूल शाळेत असताना चूक सापडली तर मुख्याध्यापकांकडे अर्ज, पुरावे आणि शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता या मार्गाने रजिस्टरमध्ये दुरुस्ती होते. नाव कमी होऊन दाखला निघाल्यावर हीच दुरुस्ती कितीतरी अवघड होते. चूक असेल तर शक्यतो आधी दुरुस्तीचा अर्ज, मग शाळा सोडण्याचा.

दाखला हातात आल्यावर लगेच काय तपासायचं?

खिडकीसमोरून हलण्याआधी दोन रकाने वाचा. एक 'वर्तणूक': 'चांगली' हा रूढ शब्द. दुसरा 'शेरा': तिथे 'फी बाकी' असं काही लिहिलं असेल तर तिथल्या तिथे हरकत घ्या आणि नवा दाखला मागा. पांढऱ्या शाईने खोडलेला किंवा गिरवलेला दाखला घेऊ नका, तो पुढे कुठे ना कुठे अडतो. शाळेचा यूडायस क्रमांक, शिक्का, मुख्याध्यापकांची सही आणि दाखल्याचा क्रमांक हे असायलाच हवं.

दाखला मिळाला, तरी नवी शाळा म्हणते मुलाचं नाव ऑनलाइन येत नाही.

हल्ली रोज ऐकू येणारी तक्रार. प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद यूडायस प्लसवर पेन क्रमांकासह असते. जुनी शाळा जोवर त्याला शाळा सोडलेल्या मुलांच्या 'ड्रॉपबॉक्स' यादीत टाकत नाही तोवर नव्या शाळेला ते नाव आपल्याकडे ओढून घेता येत नाही. कागदी दाखला दिला की आपलं काम संपलं असं जुन्या ऑफिसला वाटतं, किंवा पोर्टलचं काम पाहणारे शिक्षक रजेवर असतात. राज्याच्या सरल प्रणालीत नवी शाळा ऑनलाइन विनंती पाठवते आणि जुनी ती मंजूर करते, तिथेही हेच घडतं.

नव्या शाळेकडून नेमकं काय अडलंय ते लिहून घ्या आणि जुन्या शाळेला पेन क्रमांकासह एक ओळीचं ईमेल करा. आठवड्याभरात हललं नाही तर गटसाधन केंद्रात किंवा शहर साधन केंद्रात जा. पोर्टलचं काम पाहणारी माणसं तिथे असतात आणि त्यांचा एक फोन पुरतो. मुलाच्या वर्गात बसण्याला यामुळे अडथळा येऊ देऊ नका, ही दोन ऑफिसांमधली बाब आहे.

शाळा दाद देत नाही. कुणाकडे जायचं?

अर्ज देऊन पंधरा दिवस झाले तर मुख्याध्यापकांना एक स्मरणपत्र द्या, त्यात पहिल्या अर्जाची तारीख आणि आवक क्रमांक लिहा. त्यानंतर पहिली ते आठवीसाठी शिक्षणाधिकारी (प्राथमिक), नववी-दहावीसाठी शिक्षणाधिकारी (माध्यमिक), तालुक्याच्या ठिकाणी गटशिक्षणाधिकारी. मुंबईत प्राथमिकसाठी महापालिकेचा शिक्षण विभाग, माध्यमिकसाठी विभागाचे शिक्षण निरीक्षक. चुकीच्या टेबलावर गेलात तरी अर्ज घेऊन योग्य टेबलाकडे पाठवायला सांगा. वर शिक्षण उपसंचालक आहेत, आणि मुलाचं शिक्षणच थांबलं असेल तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोग.

तक्रारीत कलम 5 चा उल्लेख करा, दोन पोचप्रती जोडा आणि मागणी एकच ठेवा: दाखला. फीचा वाद त्याच अर्जात घातलात तर सुनावणी फीवरच होते.

आमचा प्रवेश आरटीईच्या 25 टक्के जागांतला आहे. शाळा बदलली तर?

दुसऱ्या खासगी शाळेत ती सवलत तुमच्याबरोबर जात नाही. 25 टक्क्यांचे प्रवेश सुरुवातीच्या वर्गाला सोडतीने होतात, मधल्या वर्गांना नाही. घर बदललंय एवढ्यासाठी नाव काढणार असाल तर आधी शिक्षणाधिकारी कार्यालयात जाऊन विचारा, आणि मगच अर्जावर सही करा.

नववी-दहावीत बदलायचं असेल तर?

बोर्ड बदलणार असाल तर आठवीअखेर हीच वेळ. सीबीएसईच्या शाळेत थेट दहावीला प्रवेश हवा असेल तर नववी सीबीएसईच्याच शाळेत झालेली असावी लागते. राज्य मंडळाच्या नववीनंतर तिकडे जाण्याचं मनात असेल तर उशीर झालाय. बोर्ड तेच ठेवून, वडिलांच्या बदलीसारख्या कारणाने जाता येतं, पण बदलीच्या आदेशाची प्रत अर्जासोबत जोडा.

परराज्यात जात असाल तर दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी अनेक शाळा मागतात. गाव सोडण्याआधी घ्या. बंगळूरहून फोन करून ती मिळवणाऱ्या पालकांचे हाल मी पाहिलेत.

आई-वडील वेगळे राहत असतील तर अर्ज कुणी करायचा?

ज्याच्याकडे मुलाचा ताबा आहे त्याने, न्यायालयाचा आदेश असल्यास त्याची प्रत जोडून. आदेश नसेल आणि दुसऱ्या पालकाने शाळेला लेखी हरकत कळवली असेल तर शाळा दाखला काढायला कचरते. अशा वेळी वकिलाशी बोलून पुढे जा.

मूळ दाखला हरवला तर?

मूळ दाखला एकदाच निघतो. हरवल्यास पोलिसांत नोंद, प्रतिज्ञापत्र आणि शाळेकडे अर्ज, मग 'दुय्यम प्रत' असा शिक्का मारलेला दाखला मिळतो. नवी शाळा मूळ दाखला स्वतःकडेच ठेवून घेते आणि तो परत देत नाही, त्यामुळे तो जमा करण्याआधी दोन्ही बाजूंचं रंगीत स्कॅन करून ठेवा आणि चार झेरॉक्स साक्षांकित करून घ्या.